उन्हाच्या शहरातला मुडदूस



१९२१ साली स्कॉटलंडमधल्या ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख छापून आला. विषय होता नाशिक शहरातला मुडदूस. लेखक होते एच. एस. हचिसन आणि पी. टी. पटेल. पुढच्याच वर्षी हचिसन यांनी एस. जे. शहा यांच्या साथीने ‘क्वार्टरली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याच विषयावर आणखी एक लेख लिहिला. त्यानंतर मुडदुसावर जे ग्रंथ इंग्रजीत निघाले, त्यांत नाशिकच्या या पाहणीचा दाखला दिला जाऊ लागला. गोदाकाठचे हे शहर आपल्याला अनेक कारणांनी ठाऊक आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या शोधकथेतही त्याचे एक पान आहे, हे मात्र शहरात फारसे कुणाला माहीत नाही. आजचे व्याख्यान त्या पानापासून सुरू होते.

मुडदूस म्हणजे वाढत्या हाडांत चुना नीट न भरणे. मनगटे रुंद होतात, बरगड्यांच्या टोकांना गाठी येतात, पाय चालू लागताच धनुष्यासारखे वाकतात, टाळू वेळेवर भरत नाही. मोठ्या वयात हाच विकार वेगळे रूप घेतो. वाढ थांबलेली असते, त्यामुळे हाडे वाकण्याआधी दुखतात आणि मऊ पडतात. बाईच्या कटीचे हाड असे मऊ होऊन आत दबले, तर बाळंतपणाची वाट अरुंद होते. शंभर वर्षांपूर्वी हा बाळ-बाळंतिणीच्या जिवावरचा प्रसंग असे.

त्या काळी युरोपातले डॉक्टर मुडदुसाला धुराच्या, धुक्याच्या, अंधाऱ्या शहरांचा आजार मानत. ग्लासगो, लंडन, व्हिएन्ना ही त्याची घरे. मग वर्षातले आठ महिने लख्ख ऊन पडणाऱ्या नाशिकमध्ये तो आला कुठून? आणि आला तर गरिबांच्या घरी यायला हवा होता. हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमके उलटे दिसले. शेतात आणि रस्त्यावर राबणारी, निकस जेवणारी कुटुंबे मुडदुसापासून जवळजवळ मुक्त होती. दूध-तूप खाणारी सुस्थित कुटुंबे, ज्यांच्या बायका पडद्यात राहत आणि ज्यांची तान्ही मुले घराच्या आतल्या खोल्यांत वाढत, त्यांच्यात मुडदूस भरपूर होता. त्यात मुसलमान घरे होती, तशी वरच्या वर्गातली हिंदू घरेही होती. मुलगी वयात येऊ लागली की तिचे बाहेर जाणे थांबे, आणि आजार उशिराच्या वयात डोके वर काढी.

या निरीक्षणाचे मोल कळण्यासाठी त्या वेळचा वाद समजून घ्यायला हवा.

ग्लासगोत डॉक्टर लिओनार्ड फिंडले आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की मुडदुसाचे कारण कोंडवाडा आहे : हवा नाही, ऊन नाही, हालचाल नाही. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांना ठरावीक अन्नावर ठेवून मुडदूस निर्माण केला आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन तो टाळून दाखवला. १९१९मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की उणीव अन्नातल्या कुठल्यातरी स्निग्ध घटकाची आहे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश देऊन बरे केले. १९२१मध्ये न्यूयॉर्कला आल्फ्रेड हेस यांनी तेच नुसत्या उन्हाने साधले. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला ऊन. दोन इतक्या वेगळ्या गोष्टींनी एकच आजार कसा बरा होतो, हे कोडे होते.

नाशिकने या वादात जी साक्ष दिली ती प्रयोगशाळेत मिळणे कठीण होते. इथे चांगले अन्न आणि चांगले ऊन वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला आले होते. ज्यांच्याकडे अन्न होते त्यांना ऊन नव्हते, आणि ज्यांना ऊन होते त्यांच्याकडे धड अन्न नव्हते. आजार कुणाच्या घरी गेला ते पाहिले की उत्तर मिळत होते. तो उन्हाला पारख्या झालेल्यांच्या घरी गेला होता. पुढे दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या. हॅरिएट चिक यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात मुलांना तेल देऊन आणि उन्हात ठेवून दोन्ही मार्गांनी बरे केले. अमेरिकेत एल्मर मॅककॉलम यांनी १९२२मध्ये तेलातला हा घटक ‘अ’ जीवनसत्त्वापासून वेगळा असल्याचे सिद्ध केले. त्यालाच ‘ड’ हे नाव मिळाले. कातडी उन्हात तोच पदार्थ स्वतः बनवते, हे त्यानंतर उलगडले.

तो कसा बनतो हे थोडे बारकाईने पाहू, कारण आज कोण वंचित राहते याचे उत्तर त्या कृतीतच आहे.

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्यावर सूर्यप्रकाशातले एका विशिष्ट लांबीचे अतिनील किरण पडले की त्याची रचना मोडते आणि अंगाच्या उबेने तो काही तासांत ‘ड-३’ जीवनसत्त्वात बदलतो. हे ‘ड-३’ रक्तातून यकृतात जाते, तिथे त्याचे साठवणीचे रूप तयार होते. रक्ततपासणीत मोजतात ते हेच रूप. मग मूत्रपिंड गरजेप्रमाणे त्याचे कामाचे रूप बनवते, आणि ते आतड्याला अन्नातले कॅल्शियम शोषायला लावते. या साखळीत पहिली कडी अतिनील किरणांची आहे, आणि ते किरण फार नाजूक आहेत. ‘यूव्ही-बी’ या नावाने ते ओळखले जातात. वातावरणातला ओझोन त्यांना गिळतो. खिडकीची काच त्यांना जवळजवळ पूर्ण अडवते. कापड अडवते. धूर आणि धूळ अडवते. ऊब देणारे, डोळ्यांना दिसणारे ऊन मात्र काचेतून आत येते आणि माणसाला वाटते आपण उन्हात बसलो आहोत.

सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचे किरण वातावरणातून तिरपे, लांबचा रस्ता कापत येतात. लांबचा रस्ता म्हणजे जास्त ओझोन, आणि जास्त ओझोन म्हणजे खाली पोहोचणारे यूव्ही-बी नगण्य. सूर्य साधारण ४५ अंशांच्या वर चढला की हे किरण पुरेसे मिळू लागतात. हे ओळखायला यंत्र लागत नाही. सूर्य ४५ अंशांवर असतो तेव्हा माणसाची सावली त्याच्या उंचीइतकी असते. सावली उंचीहून आखूड झाली की कातडीचे काम जोरात सुरू, सावली लांब झाली की ते मंद होत थांबते. ही ठोकळ खूण आहे, पण विश्वासार्ह आहे.

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे, म्हणून इथला हिशेब करून पाहता येतो. २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कलत्या सूर्याच्या दिवशी, माध्यान्हीचा सूर्य नाशिकच्या आकाशात साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे त्या दिवशीही भर दुपारी सावली उंचीहून किंचित आखूडच असते. लंडनमध्ये त्याच दिवशी माध्यान्हीचा सूर्य जेमतेम १५ अंश चढतो आणि सावली उंचीच्या पावणेचार पट पडते. ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या माणसाने कितीही वेळ बाहेर काढला तरी कातडी ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे बनवू शकत नाही. नाशिकला असा एकही महिना नाही. ढगांचे दिवस सोडले तर वर्षाच्या प्रत्येक दिवशी या शहरावर पुरेसे यूव्ही-बी उतरतात.

मात्र कोणत्या तासांत? डिसेंबरात सावली आखूड असण्याची वेळ इथे साधारण पावणेबारा ते सव्वा एवढीच असते. मार्चमध्ये ती दहा ते साडेतीन होते. मे महिन्यात सव्वानऊपासून पावणेचारपर्यंत ताणली जाते. आता सकाळचे आठ घ्या. डिसेंबरात त्या वेळी सूर्य दहा-अकरा अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या पाचपट लांब. मेमध्ये सुद्धा आठ वाजता सावली दुप्पट असते. आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात न्यावे, म्हाताऱ्यांनी सकाळच्या कोवळ्या उन्हात बसावे, हाडे बळकट होतात. कोवळे ऊन ऊब देते, अंगाला आणि मनाला बरे वाटते, म्हणून ते घ्यावे. पण ‘ड’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने त्यात फार थोडे असते. सकाळी सहा ते सात गोल्फ क्लबच्या मैदानावर नेमाने फिरणाऱ्या माणसाच्या रक्तात ‘ड’ कमी निघाले, तर त्याने चकित होण्याचे कारण नाही. तो उन्हात फिरतच नव्हता.

भारतात हे प्रत्यक्ष मोजूनही पाहिले गेले आहे. तिरुपतीच्या डॉ. सी. व्ही. हरिनारायण यांनी कातडीतला तो मूळ पदार्थ काचनळ्यांत भरून वेगवेगळ्या वेळी उन्हात ठेवला. त्याचे रूपांतर सर्वाधिक झाले ते सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात.

वेळेनंतर प्रश्न येतो उघड्या कातडीचा. डॉक्टर भाजलेल्या रुग्णासाठी जो अंदाज वापरतात तोच इथे कामाला येतो : एक हात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा नऊ टक्के, एक पाय अठरा टक्के, पोट-छातीची बाजू अठरा, पाठ अठरा, डोके आणि मान मिळून नऊ. बंडी आणि आखूड धोतर घालून मळ्यात पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याची जवळजवळ निम्मी कातडी उन्हात असते. लांब बाह्यांचा शर्ट आणि पँट घातलेल्या कारकुनाची उरते चेहऱ्याची आणि हातांच्या पंजांची, म्हणजे सात-आठ टक्के. दुचाकीवर निघालेली कॉलेजची मुलगी पाहा. अंगात सनकोट, चेहऱ्याभोवती डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. भर दुपारी गंगापूर रोडवरून ती वीस मिनिटे जाते आणि तिची एक टक्काही कातडी उन्हाला भेटत नाही. उन्हाने रापू नये आणि धुळीने त्रास होऊ नये म्हणून ती हे करते, तिचे कारण समजण्यासारखे आहे. पण हचिसन यांच्या काळातल्या पडद्यातल्या मुलीला जेवढे यूव्ही-बी मिळत, त्याहून तिला अधिक मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. कातडीतले मेलॅनिन हेच किरण शोषून घेते, म्हणून सावळ्या माणसाला तेवढेच ‘ड’ बनवायला गोऱ्यापेक्षा अधिक वेळ उन्हात राहावे लागते. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून उचललेला ‘दहा-पंधरा मिनिटे पुरतात’ हा सल्ला इथे म्हणूनच फसवा ठरतो. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरी पुरुषांचा अभ्यास केला. नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या कामांत जाता-येता मिळणारे दुपारचे ऊन रोज एक तासाहून अधिक असेल, तरच रक्तातली ‘ड’ची पातळी किमान पुरेशा रेषेवर टिकते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुणे नाशिकच्या दक्षिणेला दीड अंशावर आहे. तिथल्या माणसाला जे लागू, ते इथल्याही माणसाला लागू. कार्यालयात काम करणारा कोणता नाशिककर रोज दुपारी तासभर उन्हात असतो?

वय ही चौथी गोष्ट. कातडीतला तो मूळ पदार्थच वयाबरोबर कमी होतो. ऐंशीच्या माणसाच्या कातडीत तो विशीतल्या माणसाच्या निम्म्याहूनही कमी उरतो. उन्हात बसणे तेच, वेळ तीच, मिळकत निम्मी.

या चार गोष्टी एकत्र केल्या की आज कोण कमी पडते ते दिसू लागते, आणि आकडेही तेच सांगतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पंचवीस ते पस्तीस वयाच्या हजाराहून अधिक निरोगी स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७० टक्के लोकांची पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम या पुरेशा मानल्या जाणाऱ्या रेषेच्या खाली निघाली. ही तरणीताठी, कामाधंद्याची माणसे होती. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८मध्ये देशभरातल्या मुलांची जी पोषण पाहणी केली, तिच्यात १२ नॅनोग्रॅम ही अधिक कडक रेषा धरली होती. तरीही एक ते चार वर्षांच्या मुलांत १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत २४ टक्के उणीव आढळली. वय वाढते तशी उणीव वाढते, याचा अर्थ उघड आहे : अंगणात खेळणारे मूल शाळेत जाते, शाळेतून शिकवणीला जाते, आणि सावली आखूड असण्याचे सगळे तास छताखाली काढते.

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या पहिल्या पाळीच्या कामगाराचा दिवस याच हिशेबात मांडून पाहा. सकाळी सातला कारखान्यात शिरताना सूर्य वर आलेला नसतो. दुपारी साडेतीनला सुटतो तेव्हा डिसेंबरात सावली केव्हाच लांबलेली असते. मधली सुट्टी उपाहारगृहात जाते. मेमध्ये त्याला सुटल्यावर पाव तास मिळू शकतो, पण तेव्हा तो डोक्याला रुमाल बांधून, हेल्मेट घालून घराकडे निघालेला असतो. रविवारी तो दमून घरात राहतो. या माणसाला उन्हाचा तोटा आहे असे त्याला स्वतःला कधीच वाटणार नाही. गाडीवर बसल्यावर पाठ भाजते एवढे त्याला जाणवते.

सर्वांत हळवा गट तान्ह्या बाळांचा. आईच्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्व फार थोडे असते, लिटरमागे मोजकीच युनिट. बाळ जन्मतः आईकडून जो साठा घेऊन येते त्यावर पहिले काही महिने निघतात. आईच रिकामी असेल तर बाळ रिकामे येते. मग सहा-आठ महिन्यांच्या आत कधी रक्तातले कॅल्शियम एकदम उतरून बाळाला झटके येतात, आणि घरचे ते तापाचे झटके समजतात. पुण्याच्याच गटाने झोपडपट्टीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की ज्या मुलांना रोज अर्ध्या तासाहून अधिक ऊन मिळत होते आणि ज्यांच्या अंगाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग उघडा होता, ती मुडदुसापासून वाचली. घराच्या एका अंधाऱ्या खोलीत दिवस काढणारी मुले वाचली नाहीत. हचिसन यांच्या लेखानंतर नव्वदएक वर्षांनी तेच चित्र, फक्त यावेळी खोली गरिबाची होती. ऊन मिळण्या-न मिळण्याचा संबंध श्रीमंतीशी नव्हता, बाहेर पडता येण्याशी होता.

हवेचेही योगदान आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात मोरी गेट या दाट प्रदूषणाच्या भागातली लहान मुले आणि गुडगावच्या मोकळ्या भागातली मुले यांची तुलना केली होती. दोन्ही गरीब वस्त्या. मोरी गेटच्या मुलांची सरासरी पातळी गुडगावच्या मुलांच्या निम्म्याहूनही कमी निघाली. नाशिकची हवा दिल्लीसारखी नाही. पण धुरकट दिवशी शहरावर उतरणारे यूव्ही-बी धुळीने अडवले जातात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता ताटाकडे येऊ. ऊन नाही मिळाले तर अन्नातून भरून काढता येईल का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज ६०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व लागते. बाजरीची भाकरी, भात, तूर, मटकी, मेथी, वांगे, शेंगदाणा, केळे या सगळ्यांत मिळून ते शून्य असते. साध्या दुधात नगण्य. एका अंड्याच्या बलकात सुमारे ४० युनिट असतात, म्हणजे केवळ अंड्यांवर भागवायचे तर रोज पंधरा अंडी लागतील. खऱ्या अर्थाने भरपूर देणारे अन्न म्हणजे तेलकट समुद्री मासे : तारली, बांगडा यांसारखे. कोकणच्या किनाऱ्यावर ते रोजचे आहेत. घाटाच्या वरच्या नाशिकात, आणि त्यातही शाकाहारी घरांत, ही वाट बंद आहे. म्हणजे बहुसंख्य नाशिककरांच्या शरीरात येणारे ‘ड’ जवळजवळ सगळे कातडीतून येते. ती वाट आटली की दुसरी नाही.

दूध आणि तेलात हे जीवनसत्त्व मिसळण्याचे मानक केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८मध्ये ठरवले. अशा पिशवीवर अधिकचिन्ह आणि ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर असलेले निळे चिन्ह असते. मानकाप्रमाणे एक लिटर दुधात २०० ते ३०० युनिट, आणि एक ग्रॅम तेलात साडेचार ते साडेसहा युनिट असायला हवेत. अर्धा लिटर असे दूध प्यायले तर १०० ते १५० युनिट मिळतील. दिवसाला २५ ग्रॅम असे तेल पोटात गेले तर आणखी सुमारे ११० ते १६०. बेरीज दोनशे ते तीनशेच्या आसपास, म्हणजे गरजेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत. हे थोडके नाही. पिशवी उचलताना ते चिन्ह आहे की नाही एवढे पाहण्याला काही खर्च येत नाही.

ताटाचा दुसरा भाग कॅल्शियमचा. ‘ड’ जीवनसत्त्व कॅल्शियम शोषायला मदत करते, पण शोषायला ते मुळात हवे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरात नागली पिकते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. गव्हा-तांदळात ते नावापुरते. ज्या मुलाला ऊन पुरते पण दूध आणि नागली दोन्ही मिळत नाहीत, त्याला निव्वळ कॅल्शियमच्या उणिवेने मुडदूस होऊ शकतो. आफ्रिकेत नायजेरियातल्या अशा मुलांना ‘ड’पेक्षा कॅल्शियमनेच अधिक गुण आला. म्हणून पाय वाकलेले मूल दिसले की सरसकट ‘ड’ची कमतरता समजू नये, त्याने दिवसभरात काय खाल्ले तेही विचारावे.

प्रौढांत ही उणीव बहुतेक वेळा वेगळ्याच नावाखाली फिरत राहते. कंबर दुखते, मांड्या भरून येतात, जिना चढताना पाय उचलत नाहीत. जमिनीवर बसलेली बाई उठताना मांडीवर हात ठेवून स्वतःला ढकलत वर येते. नडगीच्या हाडावर बोट दाबले तर ती कळवळते. कुणी म्हणते संधिवात, कुणी म्हणते वय झाले. अशा वेळी रक्ताची तपासणी उपयोगाची असते. अहवालात २० नॅनोग्रॅमच्या वर आकडा असेल तर हाडांच्या दृष्टीने बहुतेकांना तेवढे पुरते. १२च्या खाली असेल तर उणीव निःसंशय आहे. काही प्रयोगशाळा ३० ही रेषा छापतात आणि त्यामुळे निम्मे शहर आजारी ठरते. त्या लाल अक्षरांपेक्षा माणसाचे दुखणे आणि डॉक्टरचे मत महत्त्वाचे.

औषधाचा प्रश्न आता विशेष काळजीचा झाला आहे. साठ हजार युनिटची गोळी किंवा भुकटी आठवड्याला एक, अशी काही आठवडे घ्यायची हा डॉक्टरांचा नेहमीचा क्रम. साठ हजारांना सातने भागले तर रोजचे साडेआठ हजार युनिट होतात. निरोगी माणसाने बराच काळ रोज घ्यायची सुरक्षित मर्यादा चार हजार मानली जाते. म्हणजे हा उपचार थोड्या काळाचा आहे. पण गुण आला की माणूस तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने गोळी घेत राहतो. काही ठिकाणी सहा लाख युनिटची इंजेक्शने पुन्हा पुन्हा दिली जातात. कश्मीरमध्ये, जिथे ‘ड’ची कमतरता सर्वत्र आहे, तिथेच अतिडोसाने विषबाधा झालेल्या रुग्णांच्या नोंदी २०११मध्ये प्रसिद्ध झाल्या. रक्तात कॅल्शियम वाढते, तहान लागते, उलट्या होतात, मन भ्रमते, मूत्रपिंड निकामी होऊ लागते. उन्हाने असे होत नाही. कातडीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बनले की तेच ऊन जादा भाग मोडून टाकते. हा उन्हाचा गोळीवरचा खरा गुण आहे.

तेव्हा ठरवायचे काय? मेमध्ये नाशिकच्या भर दुपारच्या उन्हात जाण्याची गरज नाही, कारण साडेनऊ-दहालाच सावली उंचीहून आखूड झालेली असते. तेव्हा बाह्या वर करून अर्धा-पाऊण तास पुरेल, कातडी लाल होऊ द्यायची नाही. डिसेंबरात मात्र बाराच्या सुमारासच बाहेर पडावे लागेल, आणि तेव्हाचे ऊन सुसह्यही असते. शाळांनी मैदानाचा तास सकाळी सातवरून दहा-अकराकडे आणला तर एका निर्णयाने हजारो मुलांचा प्रश्न हलका होईल. कारखान्यांनी जेवणाच्या सुट्टीत अंगण मोकळे ठेवले तर कामगारांचाही होईल.

ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी नेमके मोजलेले औषध आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. भारतीय बालरोग अकादमीची शिफारस स्पष्ट आहे : प्रत्येक तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट ‘ड’चे थेंब द्यावेत, त्याला ऊन मिळत असो वा नसो. गरोदर बाईने, पडद्यात राहणाऱ्या बाईने, घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धाने, यकृताच्या, मूत्रपिंडाच्या किंवा फिटच्या आजारावर औषध घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरला ‘ड’बद्दल स्वतःहून विचारावे. आज सभेतून घरी गेल्यावर ज्यांच्या घरी एक वर्षाच्या आतले बाळ आहे त्यांनी एवढे करावे : थेंबांची बाटली सुरू आहे का ते पाहावे, नसेल तर उद्याच बालरोगतज्ज्ञांना विचारावे.